कुंदा सोडण्याआधी पावडरीचा डबा बघ

*डॉक्टर मॅडम, मी खानापूर तालुक्यातला. वय २०. बेळगावात इंजिनिअरिंगला आहे, खोली करून राहतो, जेवण मेसचं. पूर्वी हनुवटीवर एखाददुसरी पुटकुळी यायची. ऑगस्टमध्ये जिम लावली आणि प्रोटीन पावडर चालू केली, रोज दोन स्कूप. गणपतीनंतर अशक्तपणा वाटत होता म्हणून गावाकडं ताकदीची पाच इंजेक्शनं घेतली. दसऱ्यापासून कपाळ, छाती, पाठ सगळं भरून गेलंय. आजी म्हणते उष्णता झालीय, दूध आणि कुंदा बंद कर. जिममधला दादा म्हणतो झिंकच्या गोळ्या घे. रूममेट म्हणतो खाण्याचा आणि मुरमांचा काही संबंध नाही. मी काय सोडू आणि काय घेऊ?*

तू तारखा लिहिल्यास हे फार बरं केलंस. बहुतेक जण फक्त ‘मुरमं आलीत’ एवढंच सांगतात. तुझ्या पत्रात ऑगस्ट, गणपती आणि दसरा असा क्रम आहे, आणि माझं पहिलं उत्तर त्या क्रमातच आहे. कुंदा तू लहानपणापासून खातोयस. घरचं दूधही पीत आलायस. या पावसाळ्यात नवीन आलं ते पावडर आणि इंजेक्शन. म्हणून संशय आधी त्या दोघांवर घ्यायचा आणि आजीनं सांगितलेल्या गोष्टींकडं नंतर वळायचं.

इंजेक्शनापासून सुरुवात करते, कारण त्याकडं कुणाचंच लक्ष जात नाही. ‘ताकदीचं इंजेक्शन’ म्हणून आपल्याकडं जे देतात, त्यात बहुतेक वेळा बी-१२ जीवनसत्त्व असतं, लाल रंगाचं. दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, आणि एका इंजेक्शनात ते ५०० ते १५०० मायक्रोग्रॅम असतं. एवढ्या मोठ्या डोसानंतर काही लोकांना मुरमं उठतात हे त्वचारोगाच्या डॉक्टरांना कित्येक वर्षांपासून माहीत आहे. त्यामागचं एक कारण २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं. आपल्या त्वचेच्या छिद्रांत राहणारा एक जिवाणू आहे. शरीरात बी-१२ भरपूर झालं की तो स्वतः ते बनवणं कमी करतो, आणि त्याऐवजी पॉर्फिरिन नावाचे, त्वचेला दाह करणारे पदार्थ जास्त बनवू लागतो. त्या अभ्यासात १० निरोगी माणसांना बी-१२ दिलं, त्यातल्या एकाला आठवड्याभरात मुरमं आली. म्हणजे हे सगळ्यांना होत नाही, पण ज्याला होतं त्याला लवकर होतं.

हे ओळखायचं कसं? आरशासमोर उजेडात उभा राहा आणि छातीवरचे फोड नीट बघ. नेहमीच्या मुरमांत सगळ्या तऱ्हा एकत्र दिसतात: काळी टोकं, पांढरे बारीक दाणे, लाल फोड, पू असलेले फोड, जुने डाग. बी-१२ मुळं किंवा स्टेरॉइडमुळं उठणारे फोड मात्र बरेचसे एकाच मापाचे, एकाच वयाचे असतात, काळी टोकं जवळपास नसतात, आणि छाती-पाठ-कपाळावर ते एकदम थव्यानं येतात. तुझं वर्णन याच बाजूला झुकतं. तरी न बघता मी शिक्का मारणार नाही.

ज्यांनी इंजेक्शन दिलं त्यांच्याकडून त्याचं नाव लिहून घे. हे मी आग्रहानं सांगते, कारण ताकदीच्या नावाखाली कधी कधी नँड्रोलोनसारखं स्नायू वाढवणारं स्टेरॉइड किंवा डेक्सामेथासोनही दिलं जातं, आणि त्या दोन्हींनी मुरमं उसळतात. बी-१२ असेल तर इंजेक्शन थांबवल्यावर काही आठवड्यांत फोड ओसरू लागतात. यकृतात साठा होत असल्यामुळं इंजेक्शनाचा परिणाम जायला गोळीपेक्षा जास्त वेळ लागू शकतो. पण एक लक्षात ठेव. तुझी बी-१२ खरोखरच कमी असेल, हातापायाला मुंग्या येत असतील किंवा रक्त तपासून कमतरता ठरली असेल, तर मुरमांच्या भीतीनं ते मनानं बंद करू नकोस. आपल्याकडं शाकाहारी घरांत ही कमतरता खूप आढळते आणि ती नसांना इजा करते. अशा वेळी डॉक्टरांशी बोलून गोळीचा लहान डोस घेता येतो. रक्त न तपासता दिलेलं इंजेक्शन मात्र पुन्हा घेऊ नकोस. आणि आता लगेच तपासणी केलीस तर आकडा इंजेक्शनामुळंच वर दिसेल, त्यावरून काही ठरवता येणार नाही.

आता पावडर. दूध फाडून छेना काढला की जे पाणी उरतं त्यातलं प्रोटीन वाळवून ही व्हे पावडर करतात. गाईच्या दुधात हे प्रोटीन लिटरमागं सहा-सात ग्रॅमच असतं, आणि एका स्कूपमध्ये साधारण २४ ग्रॅम. हिशेब कर: एक स्कूप म्हणजे साडेतीन लिटरच्या आसपास दुधातलं व्हे, आणि तू दोन घेतोस. आजीला तुझा एक पेला दूध दिसतो, पण या डब्यातलं सात लिटर दिसत नाही.

व्हे पोटात गेलं की इन्सुलिन झपाट्यानं वाढतं. इन्सुलिन वाढलं की त्याच्याबरोबर आयजीएफ-१ नावाच्या वाढीच्या संप्रेरकाचा जोर वाढतो, आणि पुरुषी संप्रेरकांचाही. हे तिघं मिळून त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथींना जास्त तेल करायला लावतात आणि छिद्राच्या तोंडाशी असलेल्या पेशी भराभर वाढवतात. छिद्र बुजतं, आत तेल साचतं, जिवाणू वाढतात, फोड होतो. २०१२ पासून जिमला जाणाऱ्या मुलांची अशी उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत छापून आली आहेत: पावडर चालू केल्यावर मुरमं वाढली, औषधांना दाद देईनात, पावडर सोडल्यावर उतरली. ही सुटीसुटी उदाहरणं आहेत, मोठी चाचणी नाही, त्यामुळं पुरावा म्हणून वजन कमीच. पण तुझ्यापुरता निर्णय सोपा आहे. पावडर सोडल्यानं तुझं काहीही नुकसान नाही, कारण तेच प्रोटीन ताटातून मिळतं. शिवाय डब्यावर ‘मास गेनर’ लिहिलं असेल तर त्यात प्रोटीनपेक्षा माल्टोडेक्स्ट्रिन जास्त असू शकतं. ते साखरेइतकंच, कधी साखरेपेक्षाही लवकर रक्तात उतरतं. आणि लेबलवर नसलेली स्टेरॉइडं अशा पावडरींत सापडल्याच्या नोंदी जगभर आहेत.

तुझं वजन ६० किलोच्या आसपास धरते. व्यायाम करणाऱ्या मुलाला दिवसाला ८० ग्रॅमपर्यंत प्रोटीन पुरे होतं. सकाळी दोन उकडलेली अंडी म्हणजे १२ ग्रॅम. कोरडे ५० ग्रॅम सोयाबीनचे गोळे भिजवून मेसच्या भाजीत घालून घेतलेस तर २५ ग्रॅम. दोन वेळची मटकीची किंवा मसुराची उसळ घट्ट, दोन-दोन वाट्या, म्हणजे ३० च्या घरात. मूठभर शेंगदाणे सात ग्रॅम. उरलेलं भात-भाकरीतून येतं. तो डबा विकत घ्यायला जेवढे पैसे जातात त्यात हे सगळं बसतं.

तुझ्या रूममेटचं म्हणणं पूर्वी डॉक्टरही शिकवायचे. त्याला कारण १९६९ चा एक अमेरिकन प्रयोग. ६५ जणांना काही आठवडे रोज चॉकलेटची वडी दिली, आणि तुलनेला चॉकलेट नसलेली तशीच वडी. मुरमांत फरक दिसला नाही, आणि ‘खाण्याचा संबंध नाही’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं. पण त्या दुसऱ्या वडीतही साखर आणि चरबी जवळपास तेवढीच होती! दोन्हीकडं साखर असताना साखरेचा परिणाम दिसणार कसा? त्या प्रयोगानं फार तर कोकोला निर्दोष सोडलं, साखरेला नाही.

साखरेवरचा जास्त चांगला प्रयोग २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये झाला. १५ ते २५ वयाची ४३ मुलं, म्हणजे तुझ्याच वयाची. अर्ध्यांना १२ आठवडे असं जेवण दिलं की रक्तातली साखर झपकन चढू नये: मैदा, गोड पेयं, पांढरा ब्रेड कमी, प्रोटीन आणि कोंड्यासकट धान्य जास्त. बाकीच्यांनी नेहमीचं खाल्लं. शेवटी पहिल्या गटातल्या मुलांचे फोड सरासरी २३ ते २४ नी कमी झाले, दुसऱ्या गटातल्यांचे १२ नी.

या आकड्यांत दोन गोष्टी बघ. एक, काहीही न बदलणाऱ्यांचेही १२ फोड गेले. मुरमं आपोआप वरखाली होतात. म्हणून ‘मी अमुक सोडलं आणि बरं झालं’ असं कुणी सांगितलं की त्यातला निम्मा गुण काळाचा असू शकतो. दुसरी, पहिल्या गटातल्या मुलांचं वजन सुमारे तीन किलोनं उतरलं. मग गुण कमी साखरेचा की उतरलेल्या वजनाचा, हे वेगळं करता येत नाही. नंतर कोरियात ३२ जणांवर १० आठवड्यांचा असाच प्रयोग झाला, त्यातही मुरमं कमी झाली आणि तपासणीत तेलाच्या ग्रंथींचा आकार लहान झालेला दिसला. पण ऑस्ट्रेलियातच किशोरवयीन मुलांवर आठ आठवड्यांचा आणखी एक प्रयोग झाला, त्यात दोन गटांत ठळक फरक आढळला नाही. म्हणून अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे की आहाराबद्दल ठाम शिफारस करण्याइतका पुरावा अजून नाही. मी हे असं वाचते: साखर कमी केल्यानं काही जणांना मध्यम फायदा होतो, पण तो औषधाची जागा घेण्याइतका मोठा नाही.

तुझ्या दिवसात साखर कुठं आहे ते शोधायला कुंद्यापर्यंत जायची गरज नाही. कुंदा तू सणावाराला किंवा घरी जाताना घेतोस. चहा रोज चार वेळा पितोस असं समजू, कपात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम नुसत्या चहातून. त्यावर जिमहून येताना उसाच्या रसाचा एक मोठा ग्लास, की ३० ग्रॅमच्या पुढं. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला ५० ग्रॅम सांगते, आणि २५ च्या आत आली तर उत्तम म्हणते. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून हिशेब बदलत नाही. गुळाचा चहा आणि गोकाकचा करदंट आपल्याला पौष्टिक वाटतात, आणि करदंटात सुकामेवा आहेही, पण गूळ बहुतांशी साखरच आहे आणि इन्सुलिनला दोन्ही सारखंच.

खानापूरकडं भाताशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही, हे मला ठाऊक आहे, आणि मेसमध्ये तर भातच पोटभर मिळतो. भात सोडायला मी सांगणार नाही. ताटात भाताचा डोंगर आणि वाटीभर पातळ आमटी असते, तिथं भात निम्मा कर आणि उसळ दुप्पट घे. धान्याबरोबर डाळ, भाजी, थोडं तेल असलं की साखर रक्तात हळूहळू उतरते. चिकोडी-निपाणीकडच्या मित्रांसारखी जोंधळ्याची भाकरी मिळाली तर चांगलंच, पण नुसत्या चार भाकऱ्या आणि ठेचा खाल्लास तर भातापेक्षा फार वेगळं काही घडणार नाही. फरक पडतो तो सोबतच्या उसळीनं.

दुधाबद्दल आजीचं म्हणणं अगदीच निराधार नाही. अमेरिकेतल्या नर्सेसच्या मोठ्या पाहणीत ४७ हजारांहून जास्त बायकांना शाळेच्या वयात काय खात होता हे विचारलं होतं. २००५ साली त्याचा निष्कर्ष आला: जास्त दूध पिणाऱ्यांत मुरमांचं प्रमाण थोडं जास्त, आणि साय काढलेल्या दुधात हा संबंध जास्त ठळक. पुढं २०१८ मध्ये अनेक पाहण्या एकत्र केल्या, ७८ हजारांवर मुलं आणि तरुण, त्यातही दूध घेणाऱ्यांत मुरमांची शक्यता साधारण पावपट जास्त दिसली. पण या सगळ्या पाहण्या आहेत. पहिल्या पाहणीत तर मोठ्या झालेल्या बायकांनी शाळेतलं खाणं आठवून सांगितलं होतं. दूध बंद करून मुरमं मोजली आणि तुलना केली, अशी नीट चाचणी झालेली नाही. साय काढलेल्या दुधाचा मुद्दा मात्र ध्यानात ठेव. दोष चरबीचा असता तर तो सायीच्या दुधात जास्त दिसला असता. म्हणून ‘म्हशीचं दाट दूध, तूप, तेलकट यामुळंच होतंय’ असं म्हणायला आधार नाही. दह्याबद्दलचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, ताक तू खुशाल पी.

म्हणून घरचं दूध सध्या चालू राहू दे, दिवसाला एक पेला. पावडर बंद केल्यावर तीन महिन्यांनीही फरक नसेल तर दूध सोडून बघायचा विचार करू. आजीला सांग की तिची शंका यादीत आहे, फक्त तिचा नंबर मागं आहे.

झिंकच्या गोळ्या. यावर चांगली तुलना झालेली आहे: ३३२ रुग्ण, तीन महिने, काहींना ३० मिलिग्रॅम झिंक, काहींना मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक. झिंकवाल्यांपैकी ३१ टक्क्यांना चांगला गुण आला, मिनोसायक्लिनवाल्यांपैकी ६३ टक्क्यांना. म्हणजे झिंक काहीतरी करतं, पण निम्म्यानं. उपाशीपोटी घेतलं तर मळमळतं. गोळीवरचा आकडाही फसवा असतो: झिंक सल्फेट २२० मिलिग्रॅम लिहिलेल्या गोळीत प्रत्यक्ष झिंक ५० मिलिग्रॅम असतं, आणि दिवसाला ४० च्या वर बरेच महिने घेत राहिलं तर शरीरातलं तांबं कमी होऊन रक्तावर परिणाम होतो. तुला आत्ता त्याची गरज मला दिसत नाही. जीवनसत्त्व ‘अ’च्या मोठ्या डोसाच्या गोळ्या कुणी सुचवल्या तर हातही लावू नकोस, त्या यकृताला बाधतात.

आता काय करायचं ते क्रमानं. आज रात्री कपाळ, दोन्ही गाल, छाती आणि पाठ यांचे फोटो काढ, खिडकीजवळ, रोजच्या एकाच जागी. कपाळावरचे फोड मोजून वहीत लिही. उद्यापासून पावडर बंद, इंजेक्शन बंद. रात्री अॅडापलीन ०.१ टक्के जेल मटारच्या दाण्याएवढं घेऊन सगळ्या चेहऱ्यावर पसरव, नुसतं फोडावर ठिपका लावू नकोस, कारण पुढच्या महिन्याचा फोड आज न दिसणाऱ्या छिद्रात तयार होत असतो. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड लाव. त्वचा कोरडी होईल, साल निघेल, कधी थोडे फोड वाढल्यासारखेही वाटतील. छाती-पाठीला अंघोळीच्या वेळी बेंझॉइल पेरॉक्साइडचा वॉश लावून दोन-तीन मिनिटं ठेव आणि धू. त्यानं रंगीत टॉवेल आणि बनियनवर पांढरे डाग पडतात, म्हणून पांढरा टॉवेल वापर. मेडिकलमध्ये जाऊन नुसतं ‘चेहऱ्याचं क्रीम द्या’ म्हणू नकोस. स्टेरॉइड मिसळलेली क्रीमं अशीच हातात येतात, दोन दिवस चेहरा उजळतो आणि मग दुप्पट मुरमं.

दर दोन आठवड्यांनी मोज, त्याआधी नको. रविवारी कुंदा खाल्ला आणि सोमवारी फोड आला, असा हिशेब आपण सगळे लावतो, पण दिसणारा फोड आत तयार व्हायला काही आठवडे घेतो. सहा ते आठ आठवड्यांत उतार दिसू लागला पाहिजे. पावडर बंद केली आणि जेलही लावलं, मग गुण कुणाचा हे तुला आत्ता कळणार नाही, आणि चेहऱ्यावर खड्डे पडण्यापेक्षा ते न कळलेलं परवडलं. चेहरा निवळल्यावर खरंच जाणून घ्यायचं असेल तर जेल तसंच चालू ठेवून फक्त पावडर पुन्हा घेऊन बघ. महिन्या-दोन महिन्यांत छाती-पाठ परत भरली तर उत्तर मिळालं. पावडर चालू केल्यावर काही झालं नाही, तर तुझ्या बाबतीत दोष इंजेक्शनाचा होता असं धरायला हरकत नाही. साखरेचा बदल या सगळ्याच्या बरोबरीनं चालू दे, त्याची परीक्षा बघायला १२ आठवडे थांब.

त्वचेखाली दुखणाऱ्या गाठी येत असतील, फोड बसल्यावर खड्डा राहत असेल, किंवा फोडांबरोबर ताप आणि सांधेदुखी असेल, तर आठ आठवडे थांबू नकोस, याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखव. खासगी फी झेपत नसेल तर बेळगावच्या बिम्सच्या जिल्हा रुग्णालयात चर्मरोगाची ओपीडी आहे. जाताना पावडरीचा डबा, इंजेक्शनाचं नाव लिहिलेला कागद आणि आत्तापर्यंत चेहऱ्याला लावलेली सगळी क्रीमं पिशवीत घालून घेऊन जा, रिकाम्या झालेल्या ट्यूबसुद्धा.